मध्ये जागा सोडायची की नाही?

कितीतरी दुकानांच्या पाट्यांवर ‘ओपन एव्हरीडे’ लिहिलेलं असतं आणि त्यातला ‘एव्हरीडे’ सलग जोडलेला असतो. ते चुकीचं आहे, पण कॉम्प्युटर त्याखाली लाल रेघ ओढतोच असं नाही. कारण ‘एव्हरीडे’ आणि ‘एव्हरी डे’ ही दोन्ही रूपं इंग्रजीत आहेत, फक्त त्यांची कामं वेगळी आहेत.

मराठी माणसाला खरं तर हा फरक चटकन उमगायला हवा. ‘रोज’ आणि ‘रोजचा’ यांत आपण कधी घोळ घालत नाही. दुकान रोज उघडं असतं, म्हणून तिथे ‘एव्हरी डे’, दोन शब्द. रोजचे कपडे, रोजच्या कटकटी म्हणायचं असेल तर जोडून, म्हणजे ‘एव्हरीडे क्लोद्‌ज’. जोडलेलं रूप विशेषण आहे, ते बहुधा एखाद्या नामाला चिकटून येतं. कानालाही फरक कळतो. जोडशब्दात आघात ‘एव्ह’वर पडतो आणि ‘डे’ हलका होतो. सुटा असताना ‘डे’वरही चांगला जोर येतो.

‘मेबी’चं गणितही असंच आहे. ‘मेबी शी इज लेट’ म्हणजे कदाचित तिला उशीर झाला असेल. इथे ‘इज’ हे क्रियापद आधीच हजर आहे, म्हणून ‘मेबी’ हा एकच शब्द. ‘शी मे बी लेट’मध्ये मात्र दुसरं क्रियापदच नाही, तो भार ‘मे बी’लाच उचलायचा आहे. ‘मे’च्या जागी ‘माइट’ घालून पाहावं. वाक्य टिकलं तर शब्द दोन.

पण सगळ्यांत उपयोगी कसोटी वेगळीच आहे. दोन तुकड्यांच्या मध्ये तिसरा शब्द घुसतो का, ते पाहायचं. एकसंध शब्दाच्या पोटात सहसा कुणाला शिरता येत नाही. ‘एव्हरी सिंगल डे’ म्हणता येतं, म्हणजे ते दोन शब्द. ‘अ होल लॉट’ म्हणता येतं, म्हणून ‘अ लॉट’ही दोनच. ‘इन केस’ पुष्कळ जण जोडतात, पण ‘इन एनी केस’, ‘इन दॅट केस’ आपण सर्रास म्हणतो. ‘इन फॅक्ट’चंही तेच, कारण ‘इन अ‍ॅक्चुअल फॅक्ट’ चालतं. ‘लॉग इन’ला तर भूतकाळात नेलं की पुरे. ‘लॉग्ड इन’ होतं, शेपूट मध्येच लागतं, म्हणून क्रियापद असताना सुटं. ‘माझं लॉगिन चालत नाही’ म्हणताना ते नाम आहे, तिथे जोडून लिहायचं.

‘अ लॉट’ जोडला की आणखी एक गंमत होते. मूळ ‘लॉट’ म्हणजे वाटणी ठरवायला टाकायची चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीने वाट्याला आलेला हिस्सा. ‘पुष्कळ’ हा अर्थ नंतरचा. लॉटरी त्याच कुळातली आणि ‘वाटून देणं’ या अर्थाचं ‘अलॉट’ हे क्रियापदही. त्यात ‘एल’ दोनदा येतो. त्यामुळे जोडून लिहिलेल्या ‘अ लॉट’ला दुरुस्ती म्हणून कॉम्प्युटर कधी कधी हेच क्रियापद सुचवतो. ‘पुष्कळ आभार’ मानायला निघालेला माणूस म्हाडाच्या सोडतीत जाऊन पोचतो! ‘इन केस’ जोडला तर कॉम्प्युटर गप्पही बसू शकतो, कारण पेटीत किंवा वेष्टनात बंद करणं या अर्थाच्या क्रियापदाचं ते एक मान्य स्पेलिंग आहे.

ही कसोटी सगळीकडे लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. ‘नोबडी’, ‘एनीवन’, ‘समवन’ जोडलेले, पण ‘नो वन’ सुटा. जोडला तर दोन ‘ओ’ शेजारी येतात आणि वाचणारा ‘नून’कडे घसरतो. ‘कॅनॉट’ जोडून आणि ‘मे नॉट’ सुटं, याला रूढीपलीकडे कारण शोधू नये. रूढीही हलत असते. ‘टुडे’मध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत संयोगरेषा छापली जायची. २००७ साली शॉर्टर ऑक्सफर्ड कोशाच्या सहाव्या आवृत्तीने सुमारे १६,००० शब्दांतल्या अशा रेषा काढून टाकल्या. ‘आइस क्रीम’ सुटं झालं, ‘बम्बलबी’ जोडली गेली.

बोलण्यात शब्दांमध्ये जागा नसते, त्यामुळे तोडण्याची जागाही चुकते. पोटाला बांधायच्या कापडाला इंग्रजीत पूर्वी ‘नेप्रन’ म्हणत. ‘अ नेप्रन’ बोलताना त्यातला ‘न’ आधीच्या ‘अ’ला जाऊन चिकटला आणि ‘अ‍ॅन एप्रन’ झालं. ‘निकनेम’मध्ये उलट घडलं. ‘एक’ म्हणजे जादाचं, म्हणून ‘अ‍ॅन एकनेम’ म्हणजे जादाचं नाव. तिथे ‘न’ पुढच्या शब्दाने ओढून घेतला. या चुका आता शब्दकोशात रीतसर बसल्या आहेत. ‘ऑल राइट’ जोडावा की नाही यावर अजून भांडण चालू आहे, आणि औपचारिक मजकुरात तो सुटाच लिहिलेला बरा. जोडलेल्या ‘अ लॉट’ला मात्र प्रमाण लेखनात अजून कुणी दार उघडलेलं नाही.