चांदरात, दुकानाची पाटी आणि कायमचे गिऱ्हाईक

रमजानचा शेवटचा अशरा लागला की आम्हा कापडवाल्यांच्या काउंटरवर एकच प्रश्न दिवसातून पन्नास वेळा येतो, “शेठ, दुकान बंद कधी आणि उघडणार कधी?” विचारणारे बहुधा शिंपी असतात. त्यांना मोठी खरेदी करायची नसते. कोणाला दोन मीटर अस्तर कमी पडलेले असते, कोणाला बकरम हवे असते, कोणाला त्याच रंगाच्या पॉपलिनचा अर्धा मीटर तुकडा. पण तेवढ्यासाठी ईदचा जोडा अडतो. म्हणून सुट्टीची पाटी हे शोभेचे काम नाही. ती कशी लिहावी हे आम्ही नुकसान सोसून शिकलो.

गोष्ट 2024 सालची. त्या वर्षी 29 वा रोजा मंगळवारी, 9 एप्रिलला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी होता. चांद त्याच संध्याकाळी दिसेल असे गृहीत धरून आम्ही चार दिवस आधी पाटी लावली, “ईदनिमित्त 10 व 11 एप्रिल दुकान बंद. 12 एप्रिलपासून नियमित चालू.” चांद दिसला नाही. तीस रोजे पूर्ण झाले आणि ईद गुरुवारी, 11 तारखेला झाली.

आता पाहा, एका ओळीने काय केले. बुधवारी, 10 तारखेला, आम्ही दुकान उघडले. बुधवार म्हणजे नाशिकला गंगेवरच्या बाजाराचा दिवस. खेड्यापाड्यांतून माणसे येतात आणि त्यातून चांदरात. पण ज्यांनी आमची पाटी वाचली होती ते आलेच नाहीत, कारण आमच्याच शब्दाप्रमाणे दुकान बंद होते. अनोळखी गिऱ्हाईक आले, कायमचे गेले. पुढे शुक्रवारी, 12 तारखेला, बासी ईद असल्याने आम्ही बंद ठेवले. त्याच दिवशी सिन्नरकडचे एक हिंदू शिंपी एस.टी.ने आले. पुढच्या आठवड्यातील लग्नाच्या ब्लाउजांसाठी त्यांना अस्तर हवे होते. शटरला कुलूप आणि शेजारी आमची पाटी, “12 एप्रिलपासून चालू.” त्यांनी दुसरीकडून अस्तर घेतले, रंग जुळला नाही, नवरीच्या घरच्यांचे बोल त्यांना ऐकावे लागले. त्या हंगामात ते आमच्या पायरीवर चढले नाहीत. चूक त्यांची नव्हती, चांदाचीही नव्हती. जी तारीख आमच्या हातात नव्हती तिचा वादा आम्ही केला होता.

पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, पाडवा रविवारी 30 मार्चला आला आणि तोच 29 वा रोजा होता. म्हणजे ईद सोमवारी 31 ला किंवा मंगळवारी 1 एप्रिलला. या वेळी आम्ही अंदाज केला नाही. दोन्ही शक्यता पाटीवर लिहिल्या :

“रविवारी 30 मार्चला चांद दिसल्यास : सोमवार 31 मार्च व मंगळवार 1 एप्रिल बंद. बुधवार 2 एप्रिल सकाळी 11 वाजता उघडेल.
चांद न दिसल्यास : सोमवार 31 मार्च रात्री 1 पर्यंत चालू. मंगळवार 1 व बुधवार 2 एप्रिल बंद.
गुरुवार 3 एप्रिल : कोणत्याही परिस्थितीत सकाळी 11 पासून चालू.”

यातली शेवटची ओळ सर्वांत मोठ्या अक्षरांत होती. बाहेरगावच्या माणसाला चांदाची बातमी वेळेवर मिळेलच असे नाही. त्याला एक असा दिवस हवा असतो की ज्या दिवशी भाडे खर्चून आले तर फेरी वाया जाणार नाही. हा पक्का दिवस काढणे सोपे आहे. तीस रोजे धरून ईद मोजावी, त्यात आपली बासी ईदची सुट्टी मिळवावी, आणि त्यानंतरचा दिवस लिहावा. चांद लवकर दिसला तर एक दिवस आधी उघडल्याने कोणाचे बिघडत नाही.

चांद 30 लाच दिसला आणि ईद 31 मार्चला झाली. बुधवारी 2 तारखेला जवळचे लोक आले, लांबचे गुरुवारी. कुलूप पाहून परत गेल्याची तक्रार त्या वर्षी आमच्याकडे आली नाही.

पाटीची भाषाही नीट पाहावी. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांच्या हातून सहज “इफ्तारनंतर चालू”, “तरावीहनंतर चालू” असे लिहिले जाते. आपल्या माणसाला ते कळते, पण आमची निम्मी गिऱ्हाइकी हिंदू बांधवांची आहे. त्यांच्यासाठी घड्याळच हवे. मार्चअखेर नाशिकला सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, म्हणून आम्ही “सायंकाळी 6.15 ते 7.30 बंद” आणि “शुक्रवारी दुपारी 1 ते 2.15 बंद” असे लिहिले. तसेच “29 रमजान” असे न लिहिता इंग्रजी तारीख व वार दोन्ही द्यावेत. वार लिहिला की तारखेतली चूक लिहितानाच पकडली जाते.

त्या वर्षी आणखी एक पेच होता. 30 मार्च रविवार, 31 ला ईदची सुट्टी आणि 1 एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँकांचे व्यवहार बंद. 31 ला सरकारी भरण्यासाठी काही शाखा उघड्या होत्या, पण आपल्या चेकला त्याचा उपयोग नव्हता. म्हणून उधारीवाल्या गिऱ्हाइकांना आम्ही वेगळे कळवले की चेक शुक्रवार 28 पर्यंत द्यावा. हे पाटीवर लिहिले नाही. उधारीची गोष्ट चारचौघांत लावायची नसते.

पाटी फक्त दुकानासमोरून जाणाऱ्यालाच दिसते. बाहेरगावच्यांना आम्ही मजकूर व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीवर दोनदा पाठवतो, आठ दिवस आधी आणि चांदाचा निर्णय झाल्याबरोबर. इथे एक खोच आहे. ज्याने आपला नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये साठवलेला नाही त्याला असा संदेश पोहोचत नाही, आणि पाठवणाऱ्याला वाटते की सगळ्यांना गेला. म्हणून बिल देतानाच नंबर साठवायला सांगावे. ज्या जुन्या शिंप्यांकडे साधा फोन आहे त्यांची नावे वहीत वेगळी ठेवावीत आणि नोकराकडून एकेकाला फोन करवावा. आमच्या वहीत अशी तीसेक नावे आहेत, तासाभराचे काम.

दुसरा संदेश शहरातील रूयत-ए-हिलालचा निर्णय जाहीर झाल्यावरच पाठवावा. दुसऱ्या गावाच्या बातमीवर किंवा आखाती देशांतल्या ईदवर विसंबू नये. एकदा चुकीचा निरोप गेला की मागून पाठवलेली दुरुस्ती निम्मे लोक वाचत नाहीत.

आणि ईद झाल्यावर पाटी उतरवावी. जुनी तारीख शटरवर लटकत राहिली, तर पुढच्या वर्षी तुमची पाटी कोणी वाचणार नाही.