एका वाक्यात पापड किती?

‘कच्चा पापड, पक्का पापड’ हे वाक्य भरभर म्हणताना बोबडी वळते. त्यात ‘पापड’ हा शब्द किती वेळा आला आहे, असं विचारलं तर उत्तर सरळ आहे: दोनदा. आता प्रश्न थोडा सैल करू. शब्दाची अक्षरं शेजारी-शेजारी असलीच पाहिजेत ही अट काढून टाकू, फक्त त्यांचा क्रम मोडायचा नाही. डावीकडून उजवीकडे जाताना एक ‘पा’ उचलायचा, त्याच्या पुढे कुठेही असलेला एक ‘प’ उचलायचा आणि त्याच्याही पुढचा एक ‘ड’. मधली अक्षरं खुशाल सोडून द्यायची. अशा रीतीने ‘पापड’ किती प्रकारे निघेल?

वाक्य अक्षराअक्षराने मांडलं तर असं दिसतं: क, च्चा, पा, प, ड, प, क्का, पा, प, ड. एकूण १० अक्षरं. ‘पा’ तिसऱ्या आणि आठव्या जागी आहे. ‘प’ चौथ्या, सहाव्या आणि नवव्या. ‘ड’ पाचव्या आणि दहाव्या. बोट ठेवून मोजलं तर जागांचे पाच संच सापडतात: ३-४-५, ३-४-१०, ३-६-१०, ३-९-१० आणि ८-९-१०. म्हणजे उत्तर ५. इथे एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते. पाचही वेळा हाती येणारा शब्द एकच आहे, आपण मोजतो आहोत त्या तो उचलण्याच्या रीती. एक जरी जागा बदलली तरी रीत वेगळी.

क्रम न मोडता, मधलं काही गाळून उचललेल्या अशा तुकड्याला संगणकशास्त्रात सबसिक्वेन्स म्हणतात. दहा अक्षरांत बोटाने मोजणं जमतं. वाक्य लांबलं की जमत नाही. गूगलने २००९ साली घेतलेल्या ‘कोड जॅम’ स्पर्धेच्या पात्रता फेरीत नेमका हाच प्रश्न होता: दिलेल्या मजकुरात `welcome to code jam` हा शब्दसमूह सबसिक्वेन्स म्हणून किती वेळा येतो? मोकळ्या जागा धरून हा शब्दसमूह १९ चिन्हांचा आहे आणि मजकूर ५०० चिन्हांपर्यंत असू शकत होता. पाचशेतून १९ जागा निवडण्याचे प्रकार एकावर ३४ शून्यं इतके भरतात. सेकंदाला अब्ज प्रकार तपासणारा संगणकही विश्वाच्या वयात ते संपवू शकणार नाही. तरीही या प्रश्नाचं उत्तर जेमतेम साडेनऊ हजार साध्या पायऱ्यांत निघतं.

ती किल्ली आपल्या पापडाच्याच वाक्यात आहे. सगळे संच शोधत बसण्याऐवजी वाक्य एकदाच, डावीकडून उजवीकडे वाचू. वाचताना फक्त तीन आकडे जवळ ठेवू: आतापर्यंत नुसता ‘पा’ किती प्रकारे निघाला, ‘पाप’ किती प्रकारे आणि पुरा ‘पापड’ किती प्रकारे. सुरुवातीला तिन्ही शून्य.

‘क’ आणि ‘च्चा’ आपल्या शब्दात नाहीत, त्यामुळे काहीच बदलत नाही. पुढचा ‘पा’ येताच पहिला आकडा १ होतो. मग ‘प’ येतो. तो आधीच्या ‘पा’ला जोडता येतो, म्हणून ‘पाप’चा आकडा १ होतो. ‘ड’ आल्यावर ‘पापड’ही १. आता ‘पक्का’तला ‘प’ येतो. जुना ‘पाप’ तसाच शाबूत आहे, शिवाय जुन्या ‘पा’ला हा नवा ‘प’ जोडून आणखी एक ‘पाप’ मिळतो, म्हणून तो आकडा २. ‘क्का’ सोडून द्यायचा. दुसरा ‘पा’ आल्यावर पहिला आकडा २. मग शेवटून दुसरा ‘प’ येतो. जुने ‘पाप’ दोन, आणि दोन ‘पां’ना हा ‘प’ लावून नवे दोन, एकूण ४. शेवटचा ‘ड’ येतो. जुना ‘पापड’ एक, चार ‘पापां’ना हा ‘ड’ लावून नवे चार, एकूण ५.

बोटाने मोजलेलं उत्तर आलं, पण एकही संच लिहावा लागला नाही. प्रत्येक अक्षरापाशी बेरजेचा नियम एकच होता: नवा आकडा म्हणजे त्याच तुकड्याचा जुना आकडा अधिक त्याच्याहून एका अक्षराने आखूड तुकड्याचा आकडा. हा नियम बरोबर का? आतापर्यंतच्या सगळ्या रीतींचे दोन गट पडतात. काही रीती हे नवं अक्षर वापरत नाहीत. त्या जुन्या आकड्यात आहेत. बाकीच्या ते वापरतात, आणि तेही आपल्या तुकड्याचं शेवटचं अक्षर म्हणूनच, कारण त्याच्या पुढचं अजून वाचलेलंच नाही. त्यामुळे या रीती आखूड तुकड्याच्या रीतींइतक्याच असतात. कोणतीही रीत दोन्ही गटांत नसते आणि कोणतीही दोन्हींतून निसटत नाही. म्हणून बेरीज चोख येते.

पहिल्या ‘पा’ला मात्र आखूड तुकडा कोणता? रिकामा. काहीच न उचलण्याची रीत नेहमी एकच असते, म्हणून रिकाम्या तुकड्याचा आकडा कायम १ धरायचा. तो चुकून ० धरला, तर पुढच्या सगळ्या बेरजा शून्यच राहतात आणि प्रोग्रॅम कुठल्याही वाक्याला ० उत्तर देतो.

मोठ्या प्रश्नाचे असे आखूड प्रश्न करायचे, प्रत्येकाचं उत्तर एकदाच काढून जपायचं आणि पुढच्या उत्तरासाठी तेच वापरायचं, या पद्धतीला डायनॅमिक प्रोग्रॅमिंग म्हणतात. अमेरिकी गणिती रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात ती घडवली. पायथन भाषेत आपली मोजणी इतकीच होते:

```python
def ways(text, target):
    count = [1] + [0] * len(target)
    for ch in text:
        for j in range(len(target), 0, -1):
            if target[j-1] == ch:
                count[j] += count[j-1]
    return count[-1]
```

मजकुराच्या प्रत्येक अक्षरासाठी शब्दाच्या प्रत्येक अक्षराकडे एकदा पाहायचं, म्हणजे ‘कोड जॅम’च्या प्रश्नात ५०० गुणिले १९, अर्थात ९५०० पायऱ्या.

या ओळींमधला `-1` सहज नजरेआड होतो, पण तो फार मोलाचा आहे. आकडे बदलताना पुऱ्या शब्दापासून सुरुवात करून आखूड तुकड्यांकडे उलटं यायचं, असं तो सांगतो. ‘पापड’ची तिन्ही अक्षरं वेगळी असल्याने तिथे सुलट गेलं तरी फरक पडला नसता. शब्द ‘काका’ घेऊन पाहू, आणि मजकुरात फक्त एक ‘का’. उत्तर अर्थातच ०. सुलट गेलं तर हा ‘का’ आधी पहिला आकडा १ करतो, आणि लगेच तोच ‘का’ नुकत्याच वाढलेल्या त्या आकड्याला पुन्हा जोडला जातो. एका ‘का’मधून अख्खा ‘काका’ निघतो. उलटं गेलं तर ‘काका’चा आकडा आधी बदलतो, तेव्हा पहिला आकडा अजून जुनाच, म्हणजे ० असतो. ही चूक पकडायला सोपी कसोटी आहे. मजकुरात चार ‘का’ घ्या. चारांतून दोन निवडण्याचे प्रकार ६, तेव्हा उत्तर ६ यायला हवं. १० आलं तर प्रोग्रॅम एकच अक्षर दोनदा वापरतो आहे.

दुसरा धोका खास देवनागरीचा आहे. आपण ‘पा’ला एक अक्षर म्हणतो, संगणक त्यात ‘प’ आणि काना अशी दोन चिन्हं साठवतो. ‘क्का’ त्याच्यासाठी चार चिन्हं: क, हलन्त, क, काना. वरच्या प्रोग्रॅमला दोन्ही मजकूर जसेच्या तसे दिले तर उत्तर ५ नाही, १५ येतं. मोजणी चुकलेली नसते, प्रश्नच बदललेला असतो. उदाहरणार्थ, पहिल्या पापडातला शेवटचा ‘प’ घेऊन त्याला ‘पक्का’तल्या काकाराचा काना लावला जातो आणि त्यातून नवा ‘पा’ उभा राहतो. म्हणून मराठी मजकूर आधी अक्षरांत तोडून यादीच्या रूपात द्यावा लागतो. इंग्रजी मजकुरावर तपासलेला प्रोग्रॅम मराठीत अनपेक्षितपणे मोठं उत्तर देऊ लागला, तर प्रथम इथेच पाहावं.

तिसरी अडचण आकड्यांच्या आकाराची. मजकुरातलं एकेक अक्षर दुप्पट केलं की उत्तरही दर वेळी दुप्पट होऊ शकतं. स्पर्धेतल्या एका नमुन्यात `wweellccoommee to code qps jam` असा मजकूर होता. पहिल्या शब्दातली सातही अक्षरं दोनदा, म्हणजे दोनाचा सातवा घात १२८. शिवाय `code` आणि `jam` यांच्या मधे मोकळी जागा दोन ठिकाणी, म्हणून २५६. पाचशे चिन्हांत प्रत्येक चिन्ह सव्वीस-सत्तावीस वेळा ओळीने लिहिलं तर उत्तर २७ अंकी होतं. पायथन असे आकडे पेलतो, पण बऱ्याच भाषांतला नेहमीचा ६४ बिटी पूर्णांक १९ अंकांत संपतो. उत्तर ऋण आलं तर मर्यादा ओलांडली हे तरी कळतं. पण ते धन राहूनही चुकीचं असू शकतं, आणि तेव्हा काहीच कळत नाही.

म्हणूनच स्पर्धेत उत्तराचे फक्त शेवटचे चार अंक मागितले होते. इथे नियमाचा साधेपणा कामी येतो. सगळं काम बेरजेचं आहे, आणि बेरजेचे शेवटचे चार अंक ठरवायला मिळवलेल्या संख्यांचे शेवटचे चार अंक पुरतात. प्रत्येक बेरजेनंतर दहा हजाराने भागून बाकी तेवढी ठेवायची, म्हणजे आकडा कधी फुगतच नाही. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. `0000` असं उत्तर पाहून शब्द एकदाही आला नाही की बरोबर दहा हजार प्रकारे आला, हे सांगता येत नाही.

या सगळ्या काटकसरीच्या मुळाशी एक गोष्ट आहे. शेवटचा ‘ड’ आला तेव्हा आपल्याला फक्त ‘पाप’ किती प्रकारे निघाला आहे हे हवं होतं. तो कुठल्या जागांवरून निघाला हे विसरलं तरी चालत होतं. प्रश्नात जराशी भर घाला: उचललेल्या दोन अक्षरांमध्ये दोनाहून जास्त अक्षरं सुटता कामा नयेत. आता पाचांपैकी दोनच रीती उरतात, ३-४-५ आणि ८-९-१०. तीन आकडे या प्रश्नाला पुरत नाहीत, कारण ‘पाप’ किती आहेत याबरोबर प्रत्येकाचं शेवटचं अक्षर कुठे होतं हेही लक्षात ठेवावं लागतं. मग तोच बेरजेचा नियम चालतो, फक्त प्रत्येक तुकड्याचा आकडा जागेनुसार वेगळा ठेवायचा. पुढच्या पायरीला मागचं नेमकं काय विचारावं लागणार आहे ते एकदा ठरलं, की किती आकडे जपायचे तेही ठरतं.