फ्रीज थांबल्यावर ऐकू येतं ते

सिनेमाच्या सेटवर एक गमतीदार मिनिट असतं. शॉट ओके होतो, लोक सामान आवरायला वळतात आणि तेवढ्यात साउंड रेकॉर्डिस्ट ओरडतो, "रूम टोन!" मग सगळं युनिट हातातलं काम तसंच धरून अर्धा-एक मिनिट पुतळ्यासारखं उभं राहतं. त्या मिनिटात फक्त खोली रेकॉर्ड होते: भिंतींमधली हवा, दूरचा रस्ता, दिव्यांची बारीक गुणगुण. पुढे संकलनात दोन संवादांमधली फट बुजवायला हाच तुकडा कामी येतो.

अ‍ॅनिमेशनवाल्यांच्या नशिबी हे मिनिट नाही, कारण मुळात खोलीच नाही. घर रंगवलेलं, पाऊस काढलेला आणि संवाद एका बंदिस्त बूथमध्ये वेगळे रेकॉर्ड केलेले. दोन वाक्यांच्या मध्ये ध्वनिपट्टीवर शब्दशः शून्य असतं. असं शून्य माणसाच्या कानाने प्रत्यक्षात कधी ऐकलेलं नसतं. मध्यरात्री गावाकडच्या घरातही काही ना काही वाजतच असतं. त्यामुळे पडद्यावर शून्य आलं की प्रेक्षकाला शांतता वाटत नाही. हेडफोनची पिन निसटली की काय, असं वाटतं.

अ‍ॅनिमेशनमध्ये याला आणखी एक पदर आहे. विचारात पडलेलं पात्र दाखवताना बरेचदा एकच चित्र दोन-तीन सेकंद स्थिर धरतात. चित्र स्थिर आणि आवाजही शून्य, म्हणजे व्हिडिओ अडकला! त्याच चित्राखाली खोलीचा हलकासा आवाज चालू ठेवला, की काळ पुढे सरकतोय हे कळतं आणि पात्र खरोखर विचार करू लागतं. एकही रेष जास्त न काढता.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते पाहायला एक प्रसंग रचू. कोकणातलं कौलारू घर, रात्रीची वेळ. आजी मुलाशी फोनवर बोलतेय. यंदाही गणपतीला यायला जमणार नाही, असं तो सांगतो. ती "बरं" म्हणून फोन ठेवते. पुढचे चौदा सेकंद संवाद नाही, संगीत नाही आणि आजी जवळजवळ हलतही नाही. इथे व्हायोलिन टाकायचा मोह होतो. पण दिग्दर्शकाला ते नकोय; फोन ठेवल्यावर दुसऱ्याच सेकंदाला घरातली वीज जावी, असं त्याने ठरवलंय.

या चौदा सेकंदांची तयारी दीड मिनिट आधी सुरू होते. फोनवरच्या संभाषणाखाली ध्वनिसंयोजक तीन थर पसरतो: फ्रीजची घरघर, पंख्याचा करकरता फेरा आणि शेजारच्या टीव्हीची भिंतीतून येणारी अस्पष्ट बडबड. प्रेक्षकाने ते मुद्दाम ऐकायचे नसतात. संवादापेक्षा साधारण पंचवीस-तीस डेसिबल खाली ठेवले की ते बहुधा नजरेआड, खरं तर कानाआड होतात. रातकिड्यांचा चौथा थर त्याहून खाली, पंख्याने झाकलेला.

वीज जाते. फ्रीज एकदा थरथरून गप्प होतो. टीव्ही बोलता बोलता तुटतो. पंखा मात्र लगेच थांबत नाही. त्याची करकर लांबत लांबत जाते. खरा पंखा थांबायला चौदा सेकंदांहून जास्त वेळ घेईल, पण इथे तो पाचव्या सेकंदाला थांबवावा लागतो. मग रातकिडे दोन-तीन डेसिबलने हळूहळू वर आणायचे, कारण आवाज कमी झाला की आपले कान आपोआप बारीक ऐकू लागतात. नवव्या सेकंदाला पाल एकदाच चुकचुकते. त्यानंतर काहीही नाही, आणि शेवटी काडेपेटीकडे हात नेताना बांगड्यांचा किंचित आवाज.

आजी किती एकटी आहे, हे फ्रीज सांगतो. तो चालू असताना घर भरलेलं होतं, हे तो थांबल्यावरच लक्षात येतं. भारनियमनात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

अशा कामात चुका बहुतेक तयार आवाजांमुळे होतात. ध्वनिसंग्रहातून 'रात्र, खेडं' म्हणून उचललेली फाइल अमेरिकेतली असते आणि कौलारू घराबाहेर भलतेच किडे ओरडतात. फ्रीजसुद्धा परका असू शकतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेतली ६० ची. म्हणून यंत्रांची मूळ गुणगुण आपल्याकडे १०० हर्ट्झच्या आसपास, तिकडे १२० च्या. नाव सांगता आलं नाही तरी स्वर चढा असल्याचं कानाला जाणवतं. त्यापेक्षा रेकॉर्डर खऱ्या स्वयंपाकघरात ठेवून पाच मिनिटं खोलीबाहेर जावं. स्वतःचा श्वास रेकॉर्ड होऊ नये, एवढ्यासाठीच बाहेर जायचं.

दुसरी चूक लूपची. वीस सेकंदांचा तुकडा पुन्हापुन्हा वाजवला की त्यातलं कुत्रं दर वीस सेकंदांनी भुंकतं आणि प्रेक्षक तेच मोजत बसतो. त्यावर जुना उपाय असा, की ठळक आवाज तुकड्यातून काढून टाकायचे आणि थरांची लांबी वेगवेगळी ठेवायची. एक थर ४७ सेकंदांचा आणि दुसरा ७३ सेकंदांचा असेल, तर दोघं पुन्हा एकत्र सुरू व्हायला ५७ मिनिटं लागतात. तोवर लघुपट संपलेला असतो.

आणि शेवटी फोन. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर फ्रीज छान घरघरतो, पण मोबाइलचा चिमुकला स्पीकर १०० हर्ट्झचा आवाज जवळजवळ देतच नाही. म्हणजे तिथे फ्रीज आधीपासूनच बंद! तो बंद पडल्याचं कुणाला कळणार? म्हणून त्या घरघरीतले वरचे स्वर थोडे उचलावे लागतात किंवा फ्रीजवर ठेवलेल्या स्टीलच्या डब्याची बारीक खणखण जोडावी लागते. डबा थांबला की फ्रीज थांबल्याचं फोनवरही कळतं.

किती शांतता प्रेक्षकाला झेपते, यावर मोठ्या स्टुडिओंचंही एकमत नाही. हायाओ मियाझाकींचा 'कॅसल इन द स्काय' १९८६ मध्ये जपानमध्ये आला, तेव्हा दोन तासांच्या चित्रपटात संगीत साधारण तासाभराचंच होतं. पुढे डिस्नेच्या इंग्रजी आवृत्तीसाठी संगीतकार जो हिसाइशींनी ते वाढवून सुमारे दीड तासाचं केलं; पाश्चात्त्य प्रेक्षकाला संगीताविना लांबलेले प्रसंग चैन पडू देणार नाहीत, अशी भीती होती. मियाझाकींचं म्हणणं वेगळंच. २००२ मध्ये समीक्षक रॉजर ईबर्ट यांच्याशी बोलताना त्यांनी काही टाळ्या वाजवल्या आणि दोन टाळ्यांमधल्या वेळेला जपानीत 'मा' म्हणतात, असं सांगितलं. त्यांच्या 'माय नेबर टोटोरो'त पावसात बसथांब्यावर थांबलेल्या दोघी बहिणी आठवा. तिथे बराच वेळ काहीच घडत नाही, नुसता पाऊस पडतो. मग छत्रीवर टपकन पडणारा थेंब टोटोरोला इतका आवडतो, की तो दणकन उडी मारून झाडांवरचं सगळं पाणी खाली पाडतो. आधीचा पाऊस एवढा संयमाने ऐकवलाय म्हणूनच ती सर कोसळल्यासारखी वाटते.

पिक्सारच्या 'वॉल-ई'मध्ये (२००८) तर पहिला मोठा भाग जवळजवळ बिनसंवादाचा आहे. माणसांनी सोडून दिलेली पृथ्वी कशी ऐकू येईल, हा प्रश्न ध्वनिसंयोजक बेन बर्ट यांच्यापुढे होता. तिथला वारा त्यांनी नायगारा धबधब्याच्या आवाजातून घडवला. धुळीच्या वादळासाठी गालिचा टाकलेल्या बोळातून ते जड कॅनव्हासची पिशवी घेऊन पळाले.

आजीच्या प्रसंगाची परीक्षा सोपी आहे. कुणा अनोळखी माणसाला तो दाखवायचा आणि फोन चालू असतानाच, वीज जायच्या आधी, तिन्ही थर अचानक बंद करायचे. त्याने दचकून "आवाज गेला का?" विचारलं, तर पातळी बरोबर. त्याला फरकच जाणवला नाही, तर थर फार खाली आहेत. आणि थर चालू असतानाच त्याने "हा फ्रीज कसला वाजतोय?" म्हटलं, तर तीन डेसिबल खाली आणून पुन्हा पहिल्यापासून.