अंग दुसऱ्याचे, चेहरा नेत्याचा

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, एकाच नाचाच्या दोन चित्रफिती फिरत होत्या. मूळ नाच लिल याटी या अमेरिकी रॅपरचा. भर गर्दीसमोर तो उड्या मारत मंचावर येतो, ती ही २०२२ची फीत. कोणीतरी त्याच्या जागी नरेंद्र मोदींना बसवले आणि दुसऱ्या कोणीतरी ममता बॅनर्जींना. ६ मे रोजी मोदींनी पहिली चित्रफीत स्वतःच पुढे पाठवली आणि आपल्याला नाचताना पाहून मजा आली, असे लिहिले. त्याच दिवसांत कोलकाता पोलिसांनी दुसरी चित्रफीत टाकणाऱ्याकडे नोटीस धाडून नाव आणि पत्ता कळवायला सांगितले.

नाच तोच, तंत्र तेच, तरी एका ठिकाणी हसू आणि दुसऱ्या ठिकाणी पोलीस. कायद्याची रेषा जर ज्याचा चेहरा वापरला त्याच्या मर्जीवर ठरणार असेल, तर तिला रेषा म्हणता येणार नाही. मग ती खरोखर कुठे असते?

आपल्याकडच्या बहुरूप्याकडे पाहिले की निम्मे उत्तर मिळते. तो फौजदाराच्या वेशात दारात उभा राहतो, दरडावतो, भलतेसलते गुन्हे वाचून दाखवतो आणि शेवटी हात जोडून बिदागी मागतो. घरातल्या पोरालाही ते सोंग आहे हे ठाऊक असते. त्याच वेशात त्याने एखाद्या परक्या माणसाकडून खरोखर दंड उकळला, तर मात्र तो गुन्हा झाला. दोन्ही वेळा कपडे तेच होते. समोरच्याला काय खरे वाटले आणि त्या समजुतीवर त्याच्या हातून काय करवून घेतले, एवढाच फरक.

नाचाच्या चित्रफितीत सोंगाची शिवण उघडी होती. भारताचा पंतप्रधान किंवा बंगालची मुख्यमंत्री अशी उड्या मारत मंचावर येणार नाही, हे पाहणाऱ्याला पहिल्या क्षणी कळते. विडंबन त्याच विसंगतीवर उभे असते. ती लपली तर विनोदच मरतो.

फसवणुकीचे काम नेमके उलटे चालते. १५ जानेवारी २०२४ रोजी सचिन तेंडुलकरने स्वतः जाहीर केले की आपल्या नावाने फिरणारी एक चित्रफीत बनावट आहे. तीत तो एका गेमिंग अॅपची शिफारस करत होता आणि आपली मुलगी त्यावर दिवसाला १ लाख ८० हजार रुपये कमावते, असे सांगत होता. मुंबईत पोलिसांनी गुन्हा नोंदवला. या चित्रफितीत चेहरा बदललाच नव्हता. माणूस खरा, दृश्य खरे. फक्त आवाजाची नक्कल करून ओठांची हालचाल नव्या शब्दांशी जुळवलेली. बदल जितका कमी, तितका धोका जास्त, ही या तंत्राची मला सगळ्यात भीतीदायक वाटणारी बाजू आहे. एरवी विश्वासाने ऐकला जाणारा माणूस एरवीसारखाच बसून बोलतो आहे, तर पाहणाऱ्याने संशय घ्यायचा कशाचा?

अशा वेळी कायदा चेहऱ्यापाशी थांबत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमात संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे, हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेतले ३१९वे कलमही तोतयेगिरीच्या फसवणुकीचेच आहे. दोन्हींत गाभ्याचा शब्द ‘फसवणूक’. फसलेल्याने पैसे दिले किंवा स्वतःचे नुकसान होईल असे काही केले, असे दाखवावे लागते. नाच पाहून कोणी पाकिटात हात घालत नाही. नेत्याची टर उडाली, एवढ्यावर ही कलमे लागत नाहीत. बदनामीचे कलम वेगळे आहे, आणि तिथेही न घडलेली गोष्ट घडली म्हणून लोकांच्या गळी उतरवली का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

एका बाबतीत मात्र गंमत म्हणून केले, ही सबब अजिबात चालत नाही. एखाद्या अभिनेत्रीचा किंवा महिला नेत्याचा चेहरा अश्लील दृश्यावर चिकटवला, की खाली मोठ्या अक्षरांत ‘बनावट’ लिहूनही अश्लीलतेची कलमे तशीच राहतात. तिथे इजा फसण्यातून होत नाही, त्या दृश्यातूनच होते.

पैशाचे काय? पैसे कमावले की विडंबन संपले, असे अनेकांना वाटते. मुंबईच्या ‘भिडू’ने, जॅकी श्रॉफ यांनी, दिल्ली उच्च न्यायालयात नेलेल्या प्रकरणात उत्तर इतके सरळ आले नाही. आपले नाव, चेहरा, आवाज आणि ‘भिडू’ हा शब्दही कोणी परवानगीशिवाय वापरू नये, अशी त्यांची मागणी होती. १५ मे २०२४च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने त्यांच्या छबीचे टीशर्ट-पोस्टर विकणाऱ्यांना आणि त्यांच्या व्यक्तिमत्त्वाची नक्कल करणारा चॅटबॉट चालवणाऱ्याला रोखले. पण एका यूट्यूबरने त्यांच्या मुलाखतीचे तुकडे जोडून, वर काळा चष्मा आणि साखळ्या चढवून केलेली ‘ठग लाइफ’ चित्रफीत मात्र न्यायालयाने लगेच उतरवायला लावली नाही. त्यातून त्या तरुणाला उत्पन्न मिळत असले, तरी ती अभिव्यक्ती आहे आणि त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय बंदी घालणे बरोबर नाही, असा तो विचार होता.

हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. अशा दाव्यांत बहुतेक अंतरिम आदेश एकतर्फी निघतात. प्रतिवादी अज्ञात असतो, आपल्याकडे त्याला कागदावर ‘अशोक कुमार’ म्हणतात. भामट्याला वकील द्यायचाच नसतो. पण त्याच यादीत एखादा विडंबनकार सापडला, तर त्याची बाजूही कोणी मांडत नाही.

आता उरला लेबलचा उपाय. ‘हे विडंबन आहे’ असे लिहिले की झाले, असे म्हणतात. जुलै २०२४मध्ये कमला हॅरिस यांच्या आवाजाची नक्कल करून एक जाहिरात बनवली गेली. करणाऱ्याने ती विडंबन म्हणूनच टाकली होती. इलॉन मस्क यांनी ती पुढे पाठवली तेव्हा तो शब्द गळला आणि तीच चित्रफीत कोट्यवधींपुढे उघडी गेली. त्यानंतर कॅलिफोर्नियाने केलेल्या कायद्यात विडंबनावरही ठळक सूचना सक्तीची होती. तिचा अक्षर-आकार त्या चित्रफितीला लावला, तर सूचनेनेच पूर्ण पडदा भरून जाई. ऑक्टोबर २०२४मध्ये संघीय न्यायालयाने त्या कायद्याचा बहुतेक भाग रोखला.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२६पासून अशा कृत्रिम चित्रफितींवर ठळक लेबल सक्तीचे झाले आहे. ऑक्टोबर २०२५च्या मसुद्यात लेबलने किमान १० टक्के जागा व्यापावी अशी अट होती, ती अंतिम नियमांत राहिली नाही. शिवण झाकू नका, एवढेच लेबल सांगत असेल, तर त्यात विडंबनकाराचे काही जात नाही. अडचण वेगळ्या आकड्यात आहे. न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर मजकूर हटवायला कंपन्यांना पूर्वी ३६ तास मिळत, आता ३ मिळतात. निवडणूक आयोगानेही राजकीय पक्षांना डीपफेक उतरवायला ३ तासांचीच मुदत दिली होती, तीही नेमकी ६ मे २०२४ रोजी, मोदींनी आपला नाच पुढे पाठवला त्या दिवशी. तेंडुलकरच्या चित्रफितीसाठी ३ तासही जास्तच, कारण तेवढ्यात कितीतरी जण पैसे भरून मोकळे होतात. पण ‘ठग लाइफ’च्या बाबतीत एका न्यायमूर्तींना समोरच्याचे ऐकल्याशिवाय निर्णय द्यावासा वाटला नाही, तोच निर्णय कंपनीतल्या कर्मचाऱ्याला जेवणाच्या सुट्टीआधी घ्यायचा आहे, आणि चित्रफीत उतरवली तर त्याला जाब विचारणारा कोणी नाही.