वीस ग्रॅम मिठाचा माग

पाण्यात चमचाभर मीठ टाकून ढवळा आणि तिसरीतल्या मुलाला विचारा, ‘मीठ कुठं गेलं?’ ‘विरघळलं’ हे उत्तर लगेच येईल, शाळेत शिकवलेलंच असतं. मग दुसरा प्रश्न टाका: ‘आता या पाण्याचं वजन किती भरेल? नुसत्या पाण्याइतकंच, की जास्त?’ इथं बरीच मुलं अडखळतात. काही ठामपणे सांगतात, ‘तेवढंच! मीठ तर संपलं ना.’ म्हणजे ‘विरघळलं’ हा शब्द पाठ झालाय, पण मनात अर्थ बसलाय तो ‘नाहीसं झालं’ असा. घरी करायचा प्रकल्प याच गैरसमजाभोवती रचला, तर विरघळणं आणि बाष्पीभवन हे दोन्ही विषय एकाच बशीत उरकतात.

सामान थोडंच लागतं. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, काठ असलेलं साधारण वीत-भर रुंदीचं काचेचं किंवा चिनीमातीचं पसरट भांडं, साधं मीठ आणि पाणी. स्टीलचं ताट घेऊ नका. खारं पाणी दोन-तीन दिवस राहिलं तर स्टीलवरही डाग आणि बारीक खड्डे पडतात, आणि मग घरात वेगळाच प्रयोग सुरू होतो. साखर का नको, असं मूल विचारेलच. साखरेचं पाणी आटत आलं की त्याचा चिकट पाक होतो, दाणे सहज सुटत नाहीत आणि मुंग्यांना आमंत्रण जातं ते वेगळंच. मीठ मात्र दाण्यांच्या रूपात परत मिळतं.

रिकामं भांडं काट्यावर ठेवून वजन मुलाला वाचू द्या आणि वहीत लिहू द्या. समजा ते 540 ग्रॅम भरलं. त्यात 20 ग्रॅम मीठ घाला, काटा 560 दाखवेल. आता 100 ग्रॅम पाणी ओता, 660 होतील. इथं थांबा. ढवळण्याआधी मुलाकडून अंदाज लिहून घ्या: मीठ दिसेनासं झाल्यावर काटा किती दाखवेल? मग चमच्यानं ढवळा. चमच्याला लागलेला थेंब भांड्यातच झटकायचा, नाहीतर हिशेबात एखादा ग्रॅम कमी पडतो. मीठ दिसेनासं झालं, आणि काटा? तो 660 वरच आहे. डोळ्यांना मीठ दिसत नाही, पण काट्याला ते कळतं. हा क्षण घाईत उरकू नका. मुलाला पुन्हा वजन करावंसं वाटलं तर करू द्या.

पाकिटातल्या बारीक मिठाचं पाणी कधी कधी किंचित दुधाळ दिसतं. मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात जे पदार्थ मिसळलेले असतात, त्यांची ती धूसर छटा असते. मीठ विरघळलं नाही असा त्याचा अर्थ नाही. खडे मीठ घेतलं तर तळाशी थोडी माती बसेल. ती दिसू द्यावी, कारण पाण्यात न विरघळणारी गोष्ट कशी वागते तेही त्यात कळतं.

आता भांडं अशा जागी ठेवा जिथं कुणाचा धक्का लागणार नाही, आणि वरून दुधावर ठेवतो ती जाळी घाला. शेजारी तशाच भांड्यात 100 ग्रॅम साधं पाणी ठेवायला विसरू नका. त्याचं कारण पुढं कळेल. जमलं तर तिसऱ्या भांड्यात तेवढंच मिठाचं पाणी घालून वर काचेचं झाकण घट्ट बसवा. ‘पाणी बशीनं पिऊन टाकलं’ असं म्हणणारी मुलं असतात. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब आणि जवळजवळ न घटलेलं वजन दाखवलं, की पाणी हवेत जातं हे वेगळं सांगावं लागत नाही.

रोज सकाळ-संध्याकाळ वजन करायचं, बस. कोरड्या दिवसांत, खोलीत पंखा असेल तर दोन-तीन दिवसांत बरंचसं पाणी उडतं. पाणी जितकं पसरट, तितकं ते हवेला जास्त भिडतं आणि लवकर जातं. म्हणून आपण पसरट भांडं घेतलं. मुलाला पटत नसेल तर तेवढंच पाणी अरुंद तोंडाच्या बाटलीत भरून बाजूला ठेवा. बशी कोरडी पडेल तेव्हाही बाटलीतल्या पाण्याची पातळी जेमतेम हललेली दिसेल.

खरी मजा वजन 616 च्या आसपास येतं तेव्हा असते. हा आकडा आधीच काढता येतो. 100 ग्रॅम पाण्यात साधारण 36 ग्रॅमच मीठ मावतं, त्याहून जास्त विरघळत नाही. मग 20 ग्रॅम मिठाला निदान 56 ग्रॅम पाणी हवं. भांडं 540, मीठ 20, पाणी 56, मिळून झाले 616. पाणी याहून कमी झालं की जास्तीच्या मिठाला विरघळून राहायला जागाच उरत नाही आणि ते बाहेर पडू लागतं. हा भागाकार तिसरीच्या मुलाकडून करून घ्यायची गरज नाही. आई-बाबांनी आकडा काढून चिठ्ठीवर लिहावा आणि चिठ्ठी घडी करून ठेवावी. पहिले दाणे दिसले की ती उघडायची. भांड्याच्या काठाला पांढरी कड आधीच धरलेली असेल, कारण तिथं पाण्याचा थर पातळ असतो आणि लवकर वाळतो. ती मोजू नका, भांड्याच्या मधल्या भागाकडे लक्ष ठेवा.

दाणे दिसायला लागले की भिंग आणा. मिठाचे दाणे चौकोनी असतात, अगदी ठोकळ्यांसारखे. काही दाणे पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगताना दिसतात, इवलेसे चौकोन, मध्ये किंचित खोलगट. टाचणीनं हलकेच टोचलं की बुडतात. पाणी सावकाश उडालं असेल तर दाणे मोठे आणि रेखीव येतात. पंख्याच्या झोतात किंवा कडक उन्हात घाई केली तर बारीक चुरा मिळतो. तव्यावर आटवलं तर भुरकट पापुद्रा धरतो आणि शेवटी मीठ तडतडून अंगावर उडतं. तव्याची वाट मी तरी सुचवणार नाही. अगदीच वेळ नसेल तर ते काम मोठ्यांनी, मंद आचेवर करावं.

शेवटी भांडं कोरडं दिसलं की वजन करा. हिशेबानं ते 560 भरायला हवं. 559 भरलं तर चमच्याला किंवा जाळीला थोडं मीठ लागून गेलं असेल. 563 भरलं तर मीठ अजून ओलं आहे. हे ओळखणं सोपं आहे: दिवसभर उन्हात ठेवून परत वजन करा, कमी झालं तर ओलच होती. आणि आता शेजारच्या साध्या पाण्याच्या भांड्याकडे वळा. तुमच्याकडे बोअरचं पाणी येत असेल तर त्याच्याही तळाशी पांढरट कड उरलेली दिसेल. ते पाण्यातले क्षार. हे भांडं ठेवलं नसतं तर सगळा पांढरा थर आपण मिठाच्या खात्यात जमा केला असता. ‘बाजूला एक साधं ठेवून बघायचं’ ही सवय मुलाला या एका भांड्यानं लागते. पोस्टरवरच्या रंगीत बाणांनी ती लागत नाही.

प्रयोग केव्हा करायचा याला मात्र महत्त्व आहे. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाचं दाट पाणी वाळतच नाही, उलट कोरडं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाझर फुटतो तो यामुळंच. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये हा प्रयोग मांडला तर वजन एका आकड्यावर येऊन अडून बसेल आणि मूल कंटाळेल. दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात तर जवळजवळ बघता बघता होतो.

उरण, पेण, वसई या भागांतल्या मिठागरांचं वेळापत्रकही याच कारणानं पावसाबाहेरचं असतं. भरतीचं पाणी उथळ खाचरांमध्ये घ्यायचं, एका खाचरातून दुसऱ्यात सोडत दाट करायचं आणि शेवटच्या खाचरात मीठ धरू द्यायचं. आपल्या बशीचीच मोठी आवृत्ती म्हणा ना. फरक एवढाच की समुद्राच्या एका लिटर पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण 35 ग्रॅम असतात. त्यामुळं तिथं जवळजवळ नऊ दशांश पाणी उडाल्याशिवाय मिठाचा दाणा दिसत नाही. आपल्या भांड्यात मात्र निम्मं पाणी जायच्या आतच काम होतं. समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज मॅग्नेशियमचे कडू क्षारही असतात. ते शेवटपर्यंत पाण्यातच राहतात, म्हणून शेवटचं कडवट पाणी सोडून द्यावं लागतं. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी एक भांडं समुद्राच्या पाण्याचंही मांडून बघावं, पण ते मीठ चाखू नये.

दाणे धरेपर्यंतचे दोन-तीन दिवस मूल ‘आई, आता काय?’ म्हणत मागं लागेल. त्यासाठी एक छोटी गोष्ट सांगते. दोऱ्यावरची खडीसाखर मिळते, तिचा एक तुकडा काचेच्या ग्लासात पाण्याच्या अगदी वरच्या थरात बुडेल असा टांगा. तेवढ्याच वजनाचा दुसरा तुकडा दुसऱ्या ग्लासात तळाशी टाका. ढवळायचं नाही. ग्लास उजेडासमोर धरलात तर टांगलेल्या तुकड्यापासून खाली जाणाऱ्या पारदर्शक, थरथरत्या रेषा दिसतील. साखर विरघळलेलं पाणी जड होऊन खाली बसतं आणि वरच्या तुकड्याला सतत ताजं पाणी मिळतं. तळातला तुकडा स्वतःच्याच गोड पाण्यात बुडून राहतो. कोणता आधी संपतो याची पैज मुलानंच लावावी.

शाळेत न्यायचं झालं तर भांडं नेऊ नका, सांडतं. परत मिळालेलं मीठ झिपच्या पिशवीत भरा, ते चाखायचं नाही असं वर लिहा, आणि सोबत रोजच्या वजनांचं पान जोडा. मुलाचे चुकलेले अंदाज त्या पानावर आहेत तसेच राहू द्या, खोडून नीट करायला सांगू नका.