फोडणीचा वास नकोसा का होतो?

गरोदरपणाच्या साधारण सहाव्या आठवड्यापासून वाईच्या स्वयंपाकघरातली रोजची लसूण-हिंगाची फोडणीही उमासे आणू लागते. नाक फार तीक्ष्ण होते असे नाही. ओळखीचा वासच किळसवाणा वाटतो. वारेतून रक्तात येणारे जीडीएफ-१५ हे संप्रेरक मेंदूतील मळमळीचे केंद्र चेतवते. ज्यांच्या रक्तात ते गरोदरपणाआधी कमी असते त्यांना त्रास जास्त, असे २०२३ मधील संशोधनात दिसले.

गरम पदार्थातून वासाचे कण अधिक उडतात. म्हणून फोडणी घरातल्या दुसऱ्या कोणी, खिडकी उघडून द्यावी. गरोदर बाईला निवलेला दहीभात, कोरडी भाकरी थोडी थोडी द्यावी. बहुतेकींना विसाव्या आठवड्यापर्यंत आराम पडतो. पाणीही टिकेना, लघवी कमी व गडद झाली, वजन घटले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.