शेवटची पेटी कोणाची?

ऑनलाइन दुकानात हापूसची एकच पेटी उरली आहे. पुण्यातल्या एका बाईंनी ती कार्टमध्ये टाकली, नाशिकच्या एका गृहस्थांनीही टाकली. दोघांनाही ‘१ शिल्लक’ दिसतं आहे, कारण बहुतेक दुकानांत कार्टमध्ये टाकलेली वस्तू आपल्यासाठी राखून ठेवलेली नसते. आता दोघांनी एकाच क्षणी पैसे भरले तर?

कच्चा लिहिलेला प्रोग्राम आधी साठा किती आहे ते विचारतो आणि मग त्यातून एक वजा करतो. या दोन पायऱ्यांमध्ये काही मिलिसेकंदांची फट असते. तेवढ्यात दुसऱ्यानंही विचारलं, तर दोघांनाही ‘१’ हेच उत्तर मिळतं आणि एक पेटी दोनदा विकली जाते. उपाय म्हणजे तपासणं आणि वजा करणं डेटाबेसला एकाच दमात करायला लावायचं:

```
UPDATE stock SET qty = qty - 1
WHERE item_id = 7 AND qty >= 1;
```

एक ओळ बदलली तर पेटी मिळाली. शून्य ओळी बदलल्या तर संपली.

ही चूक हाताने दोन खिडक्या उघडून क्वचितच सापडते, कारण आपला हात फार संथ असतो. म्हणून टेस्टर साठा १ ठेवतात आणि टूल वापरून खरेदीच्या ५० विनंत्या एकदम सोडतात, तेही पुन्हा पुन्हा. एक ऑर्डर आणि ४९ नकार, एवढंच बरोबर. नुसता साठा पाहून भागत नाही. दोघांनीही १ वाचून ० लिहिलं असेल, तर साठा व्यवस्थित शून्य दिसतो. ऑर्डर मोजल्या तरच चोरी पकडली जाते.

भाव आणि नग यांची परीक्षा सोपी आहे. कार्टमध्ये १,२०० रुपयांच्या ३ पेट्या ठेवायच्या आणि मग दुसरीकडून भाव १,३५० व साठा २ करायचा. पैसे भरण्याआधी सर्व्हरनं हिशेब नव्यानं करून दोन्ही बदल ग्राहकाला दाखवायला हवेत. गुपचूप ३ चे २ करणं मला फसवणूकच वाटते.

सर्वांत अवघड जागा पैसे भरतानाची. समजा, दुकान पेटी १० मिनिटं राखून ठेवतं. बाईंनी शेवटच्या मिनिटात यूपीआयनं पैसे भरले, पण बँकेचा होकार अकराव्या मिनिटाला आला. तोवर पेटी सुटून नाशिकला विकली गेली. हा प्रसंग टेस्टरनं मुद्दाम घडवून आणावा लागतो: चाचणीच्या पेमेंट व्यवस्थेतून होकार उशिरा पाठवायचा, मग तोच होकार दोनदा पाठवायचा. साठा उरला असेल तर एकच ऑर्डर पक्की व्हावी. उरला नसेल तर बाईंनी फोन न करताच परताव्याची प्रक्रिया सुरू व्हावी, तीही एकदाच, आणि ‘पैसे मिळाले, पण पेटी संपली, रक्कम परत पाठवत आहोत’ असं त्यांना स्पष्ट कळावं. नुसतं ‘काहीतरी चुकलं’ दिसलं, तर बाई पुन्हा पैसे भरतील.